‘मेड इन यूएसए’, उल्हासनगरचं

चित्र दोनच चौकटींचं आहे. पहिल्या चौकटीत कपड्यांचं दुकान. काउंटरवर जीन्सची चळत आणि समोर उभं असलेलं गिऱ्हाईक पँट उलटी करून कमरेच्या आत शिवलेलं लेबल वाचतंय. चेहरा खुललेला. तो विचारतो, “शेठ, खरंच यूएसए?” दुकानदार म्हणतो, “शंभर टक्के यूएसए, साहेब.” दुसऱ्या चौकटीत तेच गिऱ्हाईक पिशवी घेऊन लोकलच्या फलाटावर उभं आहे. मागे रेल्वेची पिवळी पाटी आणि पाटीवर नाव: उल्हासनगर. चित्राखाली एक अक्षरही नाही.

बदलापुरात हे चित्र कोणाच्या मोबाइलवर आलं तर त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. बदलापूरहून मुंबईकडे निघालं की पहिलं स्टेशन अंबरनाथ, दुसरं उल्हासनगर. लग्नाचा बस्ता, पडद्याचं कापड, शाळेचं दप्तर, सोफा, सगळ्यासाठी इथली माणसं ‘कॅम्पात’ जाऊन येतात. ‘यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण आमच्या घरच्या ग्रुपवर ते चित्र पडलं, तेव्हा न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या पुतणीने लिहिलं, “काका, यात हसायचं काय?” मी तिला त्या तीन अक्षरांची फोड सांगितली. तिला ती कळली आणि तरीही हसू आलं नाही.

तिचं काही चुकलं नव्हतं. फोड ही या विनोदाची किल्ली आहे हे खरं, पण किल्ली फिरवायला कुलूप लागतं. ते कुलूप इतिहासात आहे: एका गावाच्या, एका समाजाच्या आणि साठच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंतच्या आपल्या सगळ्यांच्याच हावेच्या इतिहासात. म्हणून हे चित्र नीट उलगडून दाखवावं असं वाटलं.

आधी आमच्याच गावाच्या नावावरचा विनोद घेऊ, कारण तो वेगळ्या जातीचा आहे आणि त्याच्या शेजारी ठेवलं की यूएसएचा विनोद कसा चालतो ते दिसतं. 20 फेब्रुवारी 2015 रोजी श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ हा हिंदी चित्रपट आला. पुण्यातल्या बँक दरोड्यात बायको आणि मुलगा गमावलेला माणूस बदलापुरात येऊन राहतो आणि सूड घेण्यासाठी वर्षानुवर्षं थांबतो, अशी ती गोष्ट. मूळ कथा मास्सिमो कार्लोत्तो या इटालियन लेखकाच्या कादंबरीवरून घेतलेली, तेव्हा तिथे बदलापूर असण्याचा प्रश्नच नव्हता. हिंदी कानाला गावाच्या नावात ‘बदला’ ऐकू येतो, एवढ्यावर चित्रपटाचं नाव उभं राहिलं. तेव्हापासून बदलापूरच्या पाटीचा फोटो आणि खाली सुडाचा एखादा संवाद, अशी चित्रं फिरतच असतात.

मराठी कान तेच नाव वेगळं तोडतो. गावात सांगितली जाणारी कथा अशी की शिवकाळात कोकण आणि गुजरात यांच्या दरम्यान जाणारे स्वार इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. तिच्यात सूड कुठेच नाही. शिवाय ‘बदला’ म्हटलं की आपल्याला आज्ञार्थही ऐकू येतो. ‘गाडी बदला’ हे तर या मार्गावर रोजचं. आणि ‘पूर’ म्हटलं की उल्हास नदीकाठच्या माणसाला नगर नव्हे, पाणी आठवतं. कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेव्हाही गावाच्या नावातल्या ‘पूर’वरून चित्रं निघाली होती. त्या रात्री गाडीत ज्याचं माणूस अडकलं होतं त्याला त्यात हसू येणं शक्य नव्हतं.

हा सगळा खेळ ध्वनीचा. एकाच नावाचे तीन तुकडे, आणि कोणता तुकडा ऐकू येईल ते कानावर अवलंबून. असा विनोद दुसऱ्या भाषेत नेला की जागीच मरतो, पण भाषा येत असेल तर समजावून सांगावा लागत नाही. यूएसएचं उलटं आहे. ती तीन अक्षरं मराठीत, सिंधीत, हिंदीत, इंग्रजीत तीच राहतात, विनोद कुठल्याही भाषेत सांगता येतो. पण ऐकणाऱ्याला उल्हासनगर म्हणजे काय आणि ‘फॉरेनचा माल’ म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर भाषा कितीही चांगली असून उपयोग नाही.

उल्हासनगर हे जुनं गाव नव्हे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारली गेली होती, तिच्या बराकी युद्धानंतर रिकाम्या पडल्या. 1947 मध्ये फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल दोन देशांत वाटले गेले, सिंध मात्र पूर्ण पाकिस्तानात गेला. तिथून आलेल्या हिंदू सिंध्यांना ‘आपला’ म्हणावा असा प्रांत भारतात उरला नाही. त्यांतली लाखाच्या आसपास माणसं या बराकींमध्ये आली. एका लांबलचक बराकीत कित्येक कुटुंबं, मध्ये पोत्यांचे नाहीतर चादरींचे आडोसे. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं, उल्हास नदीवरून. पण छावणीचे भाग जसे होते तसे राहिले आणि त्यांची नावंही राहिली. कॅम्प एक ते कॅम्प पाच. आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असंच सांगतात आणि जुनी माणसं अख्ख्या गावालाच नुसतं ‘कॅम्प’ म्हणतात.

शेती नाही, जमीन नाही, सरकारी नोकरीला लागणारी ओळख नाही. उरला व्यापार. सुरुवातीला लोकलच्या डब्यांतून गोळ्या, पापड, कंगवे, पेनं विकली गेली. मग घरातच एखादं शिवणयंत्र, एखादा साचा आला आणि छोटे कारखाने उभे राहिले. या कारखान्यांकडे दोन गोष्टी होत्या. वस्तू हातात आली की ती उघडून, तिचा कागदी नमुना काढून तशीच दुसरी करण्याची हातोटी ही पहिली. थोड्या नफ्यात जास्त माल विकण्याची तयारी ही दुसरी. नव्हती ती बाजारातली पत. ‘उल्हासनगरचा माल’ असं छापून कोणी चार पैसे जास्त देणार नव्हतं.

आता दुसरी बाजू, गिऱ्हाइकाची. 1956-57 मध्ये देशाकडचं परकीय चलन झपाट्याने आटलं आणि आयात परवान्यांची पकड घट्ट झाली. यंत्रं आणि कच्चा माल परवान्यावर येई, पण परदेशी साबण, अत्तर, घड्याळ, पँट अशा रोजच्या वापराच्या वस्तू साध्या दुकानात मिळणं जवळजवळ बंद झालं. जे बंद असतं त्याची किंमत मनात वाढते. ‘फॉरेनचं आहे’ हे दोन शब्दांचं वाक्य लग्नाच्या बैठकीत, ऑफिसात, कॉलेजच्या कट्ट्यावर एखाद्या पदवीसारखं उच्चारलं जाऊ लागलं. सत्तरच्या दशकात आखाती देशांत कामाला गेलेली माणसं टू-इन-वन आणि कापडाचे तागे घेऊन येऊ लागली. मुंबईत मुसाफिरखान्याच्या गल्ल्यांत चोरट्या वाटेने आलेला माल मिळे. रिकामी झालेली परदेशी सेंटची बाटली शोकेसमध्ये ठेवणारी घरं माझ्या ओळखीत होती, आणि ती गरीब घरं नव्हती.

या दोन बाजू समोरासमोर आल्या तिथे हा विनोद जन्मला. एकाकडे माल आहे पण नाव नाही, दुसऱ्याला माल नको आहे, नाव हवं आहे. मध्ये तीन अक्षरं. कारखानदाराने लेबलवर ‘मेड इन यूएसए’ विणून घेतलं आणि कोणी विचारलंच तर ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ अशी फोड तयार ठेवली, अशी ती गोष्ट. न्यू जर्सीतल्या मुलीला ती हसवू शकत नाही, कारण तिच्या घरातल्या निम्म्या डब्यांवर आणि ट्यूबांवर ‘मेड इन यूएसए’ खरोखरच लिहिलेलं असतं. ज्या शब्दांसाठी इथे माणसं हपापलेली होती, ते तिच्यासाठी नुसता पत्ता आहे. मी तिला आधी हाव सांगायला हवी होती, फोड नंतर.

आता लेबलकडे जरा जवळून पाहू. हा विनोद रोमन अक्षरांतच जमतो. इंग्रजी आद्याक्षरांमध्ये पूर्णविराम दिले काय, न दिले काय, वाचणारा अडत नाही, आणि तीच तीन अक्षरं दोन वेगळ्या नावांची असू शकतात. मराठीत आद्याक्षरं करायची तर ‘उ. सिं. अ.’ होईल, आणि त्यावरून अमेरिका आठवणारा माणूस जगात सापडायचा नाही. म्हणजे बोलणारा मराठी किंवा सिंधी, ऐकणारा मराठी, जागा ठाणे जिल्ह्यातली, पण श्लेष उभा आहे तो इंग्रजीच्या आद्याक्षरांवर. आपल्याकडच्या बऱ्याच शहरी विनोदांचं असंच असतं. संस्था, पक्ष, बँका, रेल्वे, सगळ्यांची नावं इंग्रजी आद्याक्षरांनी बोलायची आपल्याला सवय, म्हणून त्या आद्याक्षरांत दुसरं काहीतरी भरण्याचा खेळ पोरासोरांनाही येतो. चित्र काढणाऱ्याने हे ओळखलं आहे. त्याने लेबल रोमनमध्ये ठेवलं आणि स्टेशनची पाटी देवनागरीत. फोड कुठेही लिहिलेली नाही. ती वाचणाऱ्याने स्वतः करायची, आणि स्वतः केली म्हणूनच हसू येतं. याच चित्राची एक आवृत्ती खाली ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असं मोठ्या अक्षरांत छापून फिरते, ती निम्म्याने फिकी वाटते.

गोष्ट म्हणून हे सगळं झकास आहे. पण गोष्टीत एक दावा दडलेला असतो, की ही कायद्यातली पळवाट होती आणि लेबल शब्दशः खरं असल्यामुळे कोणाला पकडता येत नव्हतं. हा दावा टिकत नाही, आणि तो का टिकत नाही ते समजून घेण्यासारखं आहे.

मालावर देशाचं नाव घालण्याचा कायदा मुळात याच फसवणुकीतून आला. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या झोलिंगेनचे चाकू-सुऱ्या करणारे आपल्या मालावर इंग्लंडमधल्या शेफिल्डचं नाव ठोकून विकतात, अशी शेफिल्डच्या कारागिरांची ओरड होती. 1887 मध्ये ब्रिटनने मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट केला आणि परदेशी मालावर मूळ देश दाखवणं आलं. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का बदनामीसाठी आणला होता, काही वर्षांत लोक त्याच शिक्क्यावर विश्वासाने माल घेऊ लागले. पाठोपाठ 1889 मध्ये तसाच कायदा भारतात आला, पुढे त्याची जागा 1958 च्या आणि मग 1999 च्या कायद्याने घेतली. या कायद्यांत खोट्या वर्णनाची व्याख्या नुसत्या ‘असत्य’ वर्णनापाशी थांबत नाही. दिशाभूल करणारं वर्णनही त्यात येतं, आणि चिन्हांची किंवा अक्षरांची अशी मांडणीही येते की जी पाहून लोकांचा मालाविषयी चुकीचा समज व्हावा. कोर्ट विचारील तो प्रश्न ‘तुमच्या मनात या अक्षरांची कोणती फोड होती’ असा नाही. ‘सामान्य गिऱ्हाइकाने यावरून काय समजावं अशी तुमची अपेक्षा होती’ असा आहे. त्याचं उत्तर चित्रातल्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं आहे. आजच्या कायद्याने मालाला खोटं वर्णन लावण्याची शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड अशी आहे. असोसिएशनची फोड सांगून त्यातून सुटका नाही.

मग गोष्ट इतकी वर्षं टिकली कशी? ती खरी असण्यापेक्षा ती नेटकी आहे म्हणून. अशा गोष्टी ओळखण्याची एक खूण आहे: तीच गोष्ट दुसऱ्या गावाचं नाव घालून दुसरीकडे सांगितली जात असते. ही तर जपानमध्येही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने एका गावाचं नावच ‘उसा’ ठेवलं आणि तिथल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ छापून तो अमेरिकेत विकला, असं अमेरिकेत कित्येक वर्षं सांगितलं जात होतं. रोमन लिपीत ‘उसा’ आणि ‘यूएसए’ एकच दिसतात, म्हणून गोष्ट पटते. आता तपासू. क्यूशू बेटावर ओइता प्रांतात उसा नावाचं गाव खरंच आहे. पण तिथलं उसा जिंगू हे देवस्थान बाराशे वर्षांहून जुनं आहे, म्हणजे गावाचं नाव अमेरिका जन्मायच्या हजार वर्षं आधीचं. दुसरं म्हणजे अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं इंग्रजी नाव घालणं तिथल्या 1930 च्या टॅरिफ कायद्यानेच सक्तीचं होतं. गावाचं नाव चाललं नसतं, ‘जपान’ लिहावंच लागलं असतं. गोष्ट दोन्ही बाजूंनी पडते. तरीही ती सांगितली गेली, कारण स्वस्त जपानी मालाबद्दल अमेरिकनांच्या मनात जो संशय होता त्याला तिने रूप दिलं.

उल्हासनगरच्या गोष्टीनेही तेच केलं. आणि इथे मला या चित्राबद्दलची खरी काळजी मांडायची आहे. या विनोदाच्या दोन आवृत्त्या फिरतात आणि त्या वरवर सारख्याच दिसतात.

वर वर्णन केलेल्या चित्रात शेवटची चौकट गिऱ्हाइकाची आहे. दुकानदार तिथे नाहीच. फजिती कोणाची झाली? परदेशी नावासाठी पैसे मोजणाऱ्याची. पँट तर त्याला चांगलीच मिळाली, फक्त अमेरिका मिळाली नाही. हसू त्याच्या हौसेचं आहे, आणि ती हौस आपली सगळ्यांची होती. सिंधी माणसं स्वतः हा विनोद सांगतात तेव्हा हीच आवृत्ती सांगतात, आणि त्यात थोडा अभिमान असतो: सगळं सोडून आलो, बराकीत राहिलो, आणि तुम्ही अमेरिकेची म्हणून जी वस्तू मिरवत होतात ती आमच्या कॅम्पात शिवलेली होती.

दुसऱ्या आवृत्तीत शेवटच्या चौकटीत दुकानदार असतो. पोट सुटलेला, डोळा मारणारा, नोटा मोजणारा. गिऱ्हाईक केविलवाणं. शब्द तेच, फोड तीच, पण आता विनोद सांगतो की सिंधी म्हणजे फसवणारा. जी खोड त्या काळच्या संपूर्ण बाजाराची होती, विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याचीही, ती एका समाजाच्या अंगावर टाकून चित्र मोकळं होतं. बदलापूर-अंबरनाथच्या लोकलमध्ये हा विनोद सिंधी सहप्रवाशाच्या देखत कसा बोलला जातो ते मी ऐकलं आहे. तो माणूस हसतो, कारण न हसून काय करणार. म्हणून चित्र समजावून सांगताना शब्दांची फोड करून थांबू नये. शेवटच्या चौकटीत कोण उभं आहे ते पाहावं. चित्रातला श्लेष निष्पाप असतो. तो कोणाकडे वळवला आहे ते रेषा सांगते.

राहिला प्रश्न काळाचा. चित्रातली जीन्स आजची आहे, पण त्यातली हाव कालची, आणि ही गल्लत चित्रकाराच्याही लक्षात आलेली दिसत नाही. 1991 च्या सुधारणांनी यंत्रं आणि कच्चा माल मोकळा झाला, ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे आयातनिर्बंध मात्र आणखी दहा वर्षं रेंगाळले. त्यांच्याविरुद्ध 1997 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली ती अमेरिकेनेच. 1999 मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला आणि 1 एप्रिल 2001 रोजी शेवटच्या 715 वस्तूंवरचे निर्बंध उठले. त्या दिवसानंतर खरा यूएसएचा माल दुकानात राजरोस मिळू लागला आणि खोट्या यूएसएची गरज संपली. आज कोणाला नकली माल विकायचाच असेल तर तो देशाचं नाव छापत नाही, ब्रँडचं नाव छापतो, आणि गिऱ्हाईकही ‘फर्स्ट कॉपी आहे का’ असं स्वतःहून विचारतं. तिथे फसणारा कोणी नाही, म्हणून त्यावर असा विनोद होत नाही.

उल्हासनगरच्या जीन्सचंही तसंच. कॅम्प चार-पाचच्या बाजूला कटिंगपासून शिलाईपर्यंतची कामं करणारे कारखाने दाटीने उभे आहेत आणि त्यांचा माल देशभर जातो. दिवाळीआधी जीन्स घ्यायला कॅम्पात जाणाऱ्या बदलापूरकराला ती उल्हासनगरचीच हवी असते, कारण ती स्वस्त असते आणि टिकते. त्याला लेबलवर काय लिहिलंय याच्याशी देणंघेणं नसतं. माझ्या पुतणीला मी शेवटी एवढंच लिहिलं, की ज्या देशात तू राहतेस त्याचं नाव एकेकाळी इथे पँटच्या आत शिवलेलं असायचं आणि माणसं पट्टा बांधण्याआधी ते वाचून घ्यायची. त्यावर तिचं उत्तर आलं, “मग हे विनोदी कमी आणि वाईट जास्त आहे.” दोन्ही आहे, असं माझं मत आहे, आणि पहिलं दुसऱ्याशिवाय कळत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला मनापासून हवी आहे. ‘यूएसए’ची कथा हजार तोंडांनी सांगितली जाते, पण लेबलं कोणी जपून ठेवली नाहीत. कपडा विरला की लेबल त्याच्याबरोबर गेलं. तुमच्या घरी माळ्यावरच्या पेटीत सत्तर-ऐंशीच्या दशकातली एखादी पँट, जाकीट किंवा पिशवी असेल आणि आत तसं लेबल शिवलेलं असेल, तर ते उसवून फेकू नका. त्याचा स्वच्छ फोटो काढा आणि वस्तू कधी, कुठल्या दुकानातून, किती रुपयांना घेतली ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारून फोटोच्या मागे लिहून ठेवा.